‘कधीही’ या शब्दाची बाजू

विषय मी सुचवला होता, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर वाचकांना वाटेल की मला कुणीतरी यात ढकललं. आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या वाचनकक्षात सूचनांची एक पेटी असते. तिच्यात लोक पंख्याच्या आवाजाबद्दल आणि एकमेकांबद्दल चिठ्ठ्या टाकतात. वार्षिक वादस्पर्धेसाठी विषय मागवले होते, तेव्हा मीही इकडेतिकडे बघून एक चिठ्ठी टाकली: ‘खोटे बोलणे कधीही समर्थनीय नाही.’ खाली नाव लिहिलं, कारण निनावी चिठ्ठी टाकणं मला भित्रेपणाचं वाटलं. सही करणाराही भित्रा असू शकतो, हे मला नंतर कळलं.

मी आयुष्यभर ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी केल्या. त्या कामात बोलावं लागत नाही. उलट, न बोलण्याबद्दल भिंतीवर पाट्याच असतात. चार माणसांसमोर उभं राहिलं की माझी जीभ टाळूला चिकटते आणि गुडघे आपापसांत बोलू लागतात. म्हणून फलकावर ‘वक्ते’ या शीर्षकाखाली माझं नाव दिसलं, तेव्हा मी धावत चिटणिसांकडे गेलो.

“विषय सुचवेल तो वक्ता, असा नियम आहे,” चिटणीस म्हणाले. “कोणती बाजू कुणाला, याच्या चिठ्ठ्याही टाकून झाल्या. तुमच्याकडे अनुकूल बाजू आली. म्हणजे खोटं कधीही चालणार नाही, ही.”

“आणि विरुद्ध बाजूला?”

“बाई.”

बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्या वाचनकक्षात शिरल्या की आजही काही सभासद नकळत खिशातले हात बाहेर काढतात.

घरी आलो आणि दादाला सांगितलं. दादा माझा थोरला भाऊ. वहिनी गेल्यापासून तो आमच्याकडेच असतो. जन्मभर जमिनी मोजल्या त्यानं. साखळी, खुंट्या आणि दुर्बीण घेऊन रानोमाळ हिंडला. दोन भावांच्या बांधावरच्या भांडणात उभं राहून हद्द आखताना जो घसा कमावला, तो अजून शाबूत आहे. त्या दिवसांत त्याचं पोट दुखत होतं, म्हणून तो कोचावर उशी पोटाशी धरून बसलेला असे. माझी बातमी ऐकली आणि त्यानं उशी बाजूला टाकली.

“तू बोलणार? उभं राहून? लोकांसमोर?” तो हसता हसता कळवळला. “अरे, तुझ्या लग्नात तुझ्या वतीनं मी बोललो होतो! ये, बस. मी शिकवतो तुला.”

त्याच आठवड्यात त्याचे तपासणीचे अहवाल आले.

अहवाल माझ्या पुतणीनं, म्हणजे दादाच्या मुलीनं आणले. ती औषधाच्या दुकानात काम करते, त्यामुळे तिला ते वाचता येतात. तिनं मला आणि हिला स्वयंपाकघरात बोलावलं, नळ सोडला आणि त्या आवाजाखाली सांगितलं. आतड्यात गाठ होती. ती यकृतापर्यंत पोचली होती. शस्त्रक्रियेचा उपयोग नव्हता.

“बाबांना कळता कामा नये,” ती म्हणाली. “ते हाय खातील. मी डॉक्टरांशी बोललेय. ते म्हणाले, नातेवाईक म्हणतील तसं. आपण म्हणायचं, आतड्याला सूज आहे. काका, तुम्हीसुद्धा.”

मी मान डोलावली. नळ वाहत होता. बाहेरून दादाचा आवाज आला, “काय बुवा, पाणी फुकट घालवताय!” आणि पुतणीनं नळ बंद करून, डोळे पुसून, तोंडभर हसत बाहेर जाऊन सांगितलं, “बाबा, सूज आहे नुसती!”

मी दुसऱ्याच दिवशी चिटणिसांकडे माघार घ्यायला गेलो. घरात एक चालू असताना व्यासपीठावर दुसरंच सांगायला मी काही पुढारी नव्हतो.

“माघार घेता येते,” ते म्हणाले. “आजारपणाचा दाखला जोडा.”

“पण मी आजारी नाही.”

“मग आहात असा दाखला आणा. सगळे तसंच करतात.”

खोटं कधीही बोलू नये असं सांगायचं नसेल, तर त्यासाठी खोटा दाखला आणायचा! मी तसाच परत आलो. येताना जिन्यात खालच्या मजल्यावरचे विमेवाले भेटले. त्यांना विम्याचं काम सोडून बरीच वर्षं झाली, पण दुसऱ्याच्या आयुष्याविषयीची आस्था सुटलेली नाही. आमच्या स्वयंपाकघराचा नळ त्यांच्या नळाच्या वर आहे आणि तिथून आवाज पाण्याइतकाच व्यवस्थित खाली जातो, हे त्या दिवशी समजलं.

“कळलं मला,” ते हळूच म्हणाले. “काळजी करू नका. मी सगळ्यांना सांगितलंय की कुणालाही सांगायचं नाही.”

*

दादानं माझं भाषण उभं करायला घेतलं ते जमीन मोजल्यासारखं.

“आधी हद्द आख. खोटं म्हणजे काय? ते न सांगता सुरुवात केलीस तर बाई तुला बांधाबांधानं पळवतील.”

मी वाचून दाखवलं: जे आपल्याला खरं वाटत नाही, ते समोरच्याला खरं वाटावं म्हणून सांगणं, म्हणजे खोटं.

“म्हणजे चुकून चुकीचं सांगितलं तर?”

“ते खोटं नव्हे. आपल्याला ते खरं वाटत होतं.”

“नाटकातला राजा?”

“तोही खोटा नव्हे. त्याला कुणी राजा समजावं असा हेतूच नाही.”

“आणि गप्प बसणं?”

“तेही नव्हे,” मी म्हणालो. “सगळं सगळ्यांना सांगितलंच पाहिजे, असं आपण म्हणतच नाही. आपण एवढंच म्हणतो, की जे सांगाल ते खरं सांगा.”

“शाब्बास! ही खुंटी पक्की ठोक. तुला पळायला तेवढीच वाट आहे.”

मग त्यानं आक्षेप उभे केले. पहिला मारेकऱ्याचा. दादा कोचावरून उठला, जेवणाच्या खोलीत गेला, दार लोटून घेतलं आणि बाहेरून दणादणा ठोकलं. “तुझा मित्र आत लपलाय. माझ्या हातात कोयता आहे. बोल, कुठाय तो?”

“मी... मी सांगणार नाही,” मी म्हणालो.

“आवाज! मारेकरी आहे मी, तुझा ग्रंथपाल नाही!”

“सांगणार नाही! मी दार लावीन, आरडाओरडा करीन, पोलिसांना बोलावीन. एवढ्या वाटा मोकळ्या असताना खोटंच बोललं पाहिजे असं का? आणि समजा मी म्हणालो, ‘तो मागच्या गल्लीत पळाला,’ आणि तो भेदरून खरोखरच खिडकीतून मागच्या गल्लीत उतरलेला असला, तर? मी खोटं बोललो तर पुढचं सगळं माझ्या डोक्यावर. जग कसं वागणार ते मला ठाऊक आहे, अशी घमेंड धरल्याशिवाय खोटं बोलताच येत नाही.”

दादा दार उघडून आत आला. त्याला धाप लागली होती, पण डोळे चमकत होते. “बरं. पण तू गप्प बसलास की मारेकऱ्याला कळणारच ना, तो आत आहे म्हणून? गप्प बसणं म्हणजे सांगणंच झालं.”

यावर मी अडकलो. दोन दिवस डोकं खाजवलं. मग उत्तर दादानंच काढलं. “हे बघ. जो माणूस एरवी सगळ्यांना धडाधड सांगतो, ‘नाही, इथं कुणी नाही,’ आणि एकदाच गप्प बसतो, त्याचं गप्प बसणं चुगली करतं. पण जो अशा प्रश्नाला कधीच उत्तर देत नाही, घरात कुणी असो वा नसो, त्याच्या गप्प बसण्यावरून काहीही कळत नाही. गप्प बसायचं तर पहिल्यापासून बसलं पाहिजे. लिही!”

मी लिहून घेतलं. मान मात्र वर केली नाही. दादाला वाटलं, व्यासपीठाची भीती.

दुसरा आक्षेप सौजन्याचा: ‘पडदे कसे वाटतात?’ असं यजमानीणबाई विचारतात, आणि पडदे भयंकर असतात. उत्तर: जगात अशी वस्तू नाही की जिच्यात एकही खरी चांगली गोष्ट नाही; ती शोधायला वेळ लागतो, आणि खोटं बोलणारा खरं म्हणजे तो वेळ वाचवत असतो. शिवाय ज्याला सगळंच ‘छान’ असतं, त्याच्या ‘छान’ला किंमत राहत नाही. दादा म्हणाला, हे उत्तर कच्चं आहे, पण ऐकणाऱ्या बायकांना आवडेल. ही आतून म्हणाली, “बायकांना मुळीच आवडणार नाही.”

आणि मग सगळ्यात अवघड गोष्ट: ‘कधीही’ कशाला? ‘सहसा’ म्हटलं तर काय बिघडलं? बाई नेमक्या याच शब्दावर नेम धरणार होत्या. दादानं कागदावर शेताचा नकाशा काढला. “मी किती माणसांचे बांध मोजले असतील. प्रत्येकाला वाटतं, आपली खुंटी हातभर सरकवायला खास कारण आहे. एकालाही वाटत नाही की आपण चोर. म्हणून तर मोजणीदार बाहेरचा लागतो. स्वतःच्या शेताची मोजणी स्वतः करायची नसते. खोटं बोलणाऱ्याचं तेच. अपवाद आहे की नाही, हे ठरवणारा तो, साक्षीदार तो, आणि सोय होणार तीही त्याचीच. म्हणून अपवादच नको.”

इतकं सुंदर बोलणारा माणूस पोटाशी उशी धरून बसला होता, आणि त्याच्या शेतातल्या सगळ्या खुंट्या आम्ही घरच्यांनी सरकवून ठेवल्या होत्या.

*

खोट्याचं एक आहे, ते एकटं राहत नाही. त्याला सोबत लागते.

सूज उतरणार म्हटल्यावर दादानं पुढच्या आयुष्याची आखणी सुरू केली. पहिली गोष्ट, दात. “आता बरा होतोच आहे, तर अजून दहा वर्षं नीट चावून खावं म्हणतो,” तो म्हणाला. जबड्यात खिळे ठोकून पक्के दात बसवणारा एक दंतवैद्य त्यानं शोधला.

आम्ही तिघं स्वयंपाकघरात जमलो. या खेपेला नळ न सोडता, दारं लावून.

“नको म्हणू या,” मी म्हणालो.

“काय कारण सांगणार?” पुतणी म्हणाली. “सूज असलेला माणूस दात बसवू शकतो, काका.”

पुतणी गुपचूप दंतवैद्याला भेटून आली. तो तरुण आणि मायाळू होता. तो म्हणाला, खिळे वगैरे ठोकायचे नाहीत, पण आजोबांचं मन राखायला अधूनमधून बोलावू, साफसफाई करू, मापं घेऊ. झालं! दादा दात बसवण्यासाठी जाऊ लागला. खुर्चीत आडवा पडून, तोंड वासून, पोटातली कळ दाबत तो मापं देई. घरी येई तो थकून पांढराफटक झालेला. “हा मुलगा फार सावकाश काम करतो,” एकदा म्हणाला, “पण काम पक्कं करणार. आमच्यासारखं आहे त्याचं. तीनतीनदा मोजतो.”

मी त्याला न्यायचो-आणायचो. बाहेरच्या बाकावर बसून आतलं यंत्र घुरघुरताना ऐकायचो. त्याच्याकडे जे चांगले दिवस उरले होते, ते आम्ही त्या खुर्चीत घालवत होतो.

इमारतीत एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. माणसं दादाला बघायला येत, ‘तब्येत छान दिसतेय’ म्हणत, आणि जिन्यात जाऊन नाक शिंकरत. विमेवाले तर येताना इतके आनंदी असत, की दादानं मला विचारलं, “यांना लॉटरी लागली का रे?” सल्लेही भरपूर मिळत. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, दादांच्या समोर हसत राहा. विमेवाले म्हणाले, फार हसू नका, संशय येतो. मी आरशासमोर बसून मध्यम हसण्याचा सराव केला. ही म्हणाली, “अहो, तुम्ही असं तोंड करता ना, तेव्हा मलाच वाटतं की तुम्हाला काहीतरी झालंय.”

*

तिसरा आक्षेप मी दादाला न दाखवता लिहिला. तो लिहिल्याशिवाय राहवेना.

आक्षेप असा, की आजारी माणसाला खरं सांगितलं तर तो खचेल. थोड्या दिवसांचा सोबती, त्याला सुखात जाऊ द्यावं. उत्तरं मी अशी मांडली. एक तर, उरलेले दिवस त्याचे आहेत. ते कशात घालवायचे हे त्यानं ठरवायचं, आणि खोट्या नकाशावर त्याला ते ठरवता येत नाही. दुसरं, खरं सांगणं म्हणजे तोंडावर फेकणं नव्हे. त्याला विचारता येतं, ‘तुला किती जाणून घ्यायचंय?’ तो म्हणाला, ‘काही नको,’ तर गप्प बसता येतं. तो त्याचा निर्णय, आपला नव्हे. तिसरं, सगळ्या घराला ठाऊक आणि एकट्या त्याला नाही, म्हणजे भरल्या घरात आपण त्याला एकटं पाडतो. आणि शेवटचं: आपण म्हणतो, त्याच्यासाठी खोटं बोललो. पण त्याचा चेहरा पडलेला बघवणार नाही तो कुणाला? आपल्याला.

हिनं ते कागद टेबलावर पाहिले आणि काही न बोलता पुतणीच्या हातात दिले. पुतणीनं वाचले. मग पेन मागितलं आणि त्या अख्ख्या पानावर एक तिरपी रेघ मारली.

“काका, हे बोलायचं नाही. बाबा पहिल्या रांगेत बसणार आहेत.”

“पण हा सगळ्यात मोठा आक्षेप आहे. बाई तो घेणारच.”

“बाईंना मी भेटते.”

ती भेटली. बाई गंभीरपणे म्हणाल्या म्हणे, “माझा सगळ्यात चांगला मुद्दा तोच होता,” पण त्यांनी शब्द दिला.

मी विरोध करायला हवा होता. माझ्याजवळ उत्तर लिहून तयार होतं, चार भागांत. पण पुतणीचे डोळे सुजले होते आणि मला वाद घालता येत नाही. वादस्पर्धेतल्या माणसानं हे सांगावं, यात हसण्यासारखं आहे, हसा.

*

स्पर्धेच्या दिवशी वाचनकक्षातली टेबलं भिंतीला लावली होती. दादा पुतणीबरोबर पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या सदऱ्यात. सदरा आता त्याला फार मोठा झाला होता. मागे आमची इमारत जवळजवळ सगळी. अध्यक्ष शेजारच्या महाविद्यालयातून निवृत्त झालेले तर्कशास्त्राचे प्राध्यापक होते. चिटणिसांनी नियम वाचले: प्रत्येकी सात मिनिटं, सहाव्या मिनिटाला इशाऱ्याची घंटा, मग खंडनाला दोन मिनिटं, शेवटी प्रत्येक वक्त्याला श्रोत्यांतून एकच प्रश्न, उत्तराला एक मिनिट.

मी उभा राहिलो. पहिलं वाक्य कुणालाच ऐकू गेलं नाही. पहिल्या रांगेतून आवाज आला, “आवाज!” लोक हसले, आणि कोण जाणे कसा, माझा घसा सुटला. मी हद्द आखली. मारेकऱ्याला दारात उभं केलं आणि परत पाठवलं. पडद्यांवर बायका हसल्या नाहीत, पण पुरुष हसले. ‘स्वतःच्या शेताची मोजणी’ आली तेव्हा दादानं शेजारच्याला कोपरानं ढोसलं. अध्यक्ष काहीतरी लिहून घेत होते. आयुष्यात पहिल्यांदाच माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मला ते बरं वाटत होतं. शरम वाटायला हवी होती. पण बरंच वाटत होतं.

बाई उत्तम बोलल्या. मारेकऱ्याशी बोलायला वक्त्यांजवळ सवड आहे, पण मित्राजवळ आहे का? खरं ऐकण्याचा हक्क असतो तो सरळ माणसाला. ज्यानं कोयता उपसला त्यानं तो हक्क गमावलाय. लहान मुलं, भेदरलेले साक्षीदार, शत्रूच्या हाती सापडलेला शिपाई, सगळे येऊन गेले. मग त्या अडखळल्या. पुढची पायरी जिथं असायला हवी, तिथं त्यांनी पाय टाकला, आणि पायरी नव्हती. बाईंना अडखळताना कुणी कधी पाहिलं नव्हतं. घाईघाईनं त्यांनी भाषण संपवलं. अजून इशाऱ्याची घंटाही झाली नव्हती.

खंडनात मी म्हणालो, हक्क गमावला की नाही, हे ठरवणारा पुन्हा खोटं बोलणाराच. टाळ्या पडल्या.

“श्रोत्यांतून एक प्रश्न,” अध्यक्ष म्हणाले, “अनुकूल वक्त्यांना.”

दादा उठला. खुर्चीचा हात धरून, सावकाश.

“माझा प्रश्न साधा आहे,” तो म्हणाला. तोच बांधावरचा आवाज. “मी यांच्याकडून हे भाषण बसवून घेतलंय. घरी मी वाट बघत होतो, की हे आजारी माणसाचा आक्षेप कधी आणतात. वाटलं, राखून ठेवलाय. तो आला नाही. मग वाटलं, बाई आणतील. बाईंनीही आणला नाही. खोटं बोलावं की नाही, याबद्दल रस्त्यावरच्या कुणालाही विचारा, पहिल्या दमात माणूस हेच सांगेल: आजाऱ्याला खरं सांगू नये. दोन हुशार माणसं, दोन विरुद्ध बाजू, आणि दोघंही एकाच दगडाला वळसा घालून गेली. का?”

त्या कक्षात आम्ही ‘शांतता राखा’ अशा पाट्या लावल्या आहेत. त्यांचं म्हणणं त्या दिवशी पहिल्यांदाच पूर्ण पाळलं गेलं.

लोक खाली बघू लागले. एकाच वेळी सगळे. विमेवाले आपल्या चपलेचा पट्टा सोडून पुन्हा लावू लागले. बाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं. फक्त अध्यक्षांना काही ठाऊक नव्हतं. ते उत्साहानं म्हणाले, “वा! मार्मिक प्रश्न. वक्त्यांना एक मिनिट.”

मला चारही भाग पाठ होते. पुतणी पहिल्या रांगेतून माझ्याकडे बघत होती आणि अगदी हळू मान हलवत होती: नको. ‘वेळ पुरला नाही’ एवढं म्हटलं की सुटलो असतो. तीन शब्द. मी तोंड उघडलं. दादा माझ्याकडे बघत होता. मारेकऱ्यासारखा नाही. बांधावर उभं राहून दुर्बिणीतून बघावं तसा, एक डोळा बारीक करून.

ते तीन शब्द मला म्हणता आले नाहीत. दुसरंही काही म्हणता आलं नाही. मी गप्प उभा राहिलो. इतके दिवस ‘सूज, सूज’ म्हणत आलेला माणूस एकदाच गप्प बसला.

घंटा झाली.

“उत्तर आलेलं नाही,” अध्यक्ष खेदानं म्हणाले.

“आलं,” दादा म्हणाला. “मला पुढचा प्रश्न विचारता येईल?”

चिटणिसांनी नियमावली उघडली. “एकाच प्रश्नाची तरतूद आहे.”

“मग बसतो,” दादा म्हणाला, आणि बसला.

मला दुसरं बक्षीस मिळालं. दोनच वक्ते होते.

*

आम्ही घरी आलो. दादानं सदरा काढून घडी घातली आणि कोचावर बसला. पुतणी त्याच्या पायाशी बसून रडू लागली. “बाबा, मी तुमच्यासाठीच...”

“ठाऊक आहे,” तो म्हणाला. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण आवाज मऊ नव्हता. “त्या पोराच्या खुर्चीत मी तोंड वासून पडत होतो, पोरी. कळ यायची तेव्हा मी मनात म्हणायचो, सोस, पुढं उपयोग आहे.” मग तो थांबला. “तो दातवालासुद्धा?”

पुतणीनं त्याच्या गुडघ्यात तोंड लपवलं.

“आणि तो खालचा? म्हणून तो इतका खूश असायचा? मी या घरात आजारी होतो, की माझी वाजतगाजत मिरवणूक काढली होती तुम्ही?”

मी म्हणालो, “दादा, मी लिहिलं होतं. तिसरा आक्षेप. उत्तरासकट.”

“लिहिलं होतंस!” तो एकदम ओरडला, आणि ओरडल्यामुळे त्याला पोट धरावं लागलं. “लिहून कुणाला दाखवलंस? मी इथं हाताच्या अंतरावर बसलो होतो!”

याला उत्तर चार भागांत नव्हतं, एका भागातही नव्हतं. ही पाणी घेऊन आली. त्यानं ते प्यायलं आणि पेला खाली ठेवला. मग म्हणाला, “उद्या डॉक्टरकडे जायचं. तू चल. बाकी कुणी नको.”

डॉक्टरांच्या खोलीबाहेर लांब मार्गिका होती, भिंतीला लागून बाक. आमचा क्रमांक पुकारल्यावर आम्ही दोघं उठलो. दारात दादानं माझ्या छातीवर तळहात ठेवला. लहानपणी रस्ता ओलांडताना ठेवायचा तसा.

“तू बाहेर बस.”

“मी येतो ना.”

“बस म्हटलं ना. मला प्रश्न विचारायचेत. तू मध्ये तोंड पाडून बसशील.”

दार लागलं. आतून पहिल्यांदा डॉक्टरांचं हसणं ऐकू आलं, मग दादाचा आवाज, “डॉक्टर, पुढचं वाक्य जरा विचार करून बोला.” त्यानंतर काही ऐकू आलं नाही. दार जाड होतं.

तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा नेहमीसारखाच होता. माझ्या शेजारी बसला. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसू लागला.

“काय म्हणाले?”

“काही नाही रे. वेळ आहे म्हणाले. भरपूर.”

दादा ‘भरपूर’ म्हणत नाही. जन्मभर त्यानं एकही गोष्ट ‘भरपूर’ म्हणून सोडलेली नाही; किती ते सांगितलं आहे, आणि मोजलेलं नसेल तर ‘मोजावं लागेल’ म्हटलं आहे. मी त्याच्याकडे पाहिलं. तो चष्मा पुसतच होता. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

मला फार बरं वाटलं, हे लिहिलं पाहिजे. त्या शब्दाखाली अंग चोरून बसावं, घरी जावं, चहा प्यावा, असं वाटलं. पुतणीला त्या दिवशी नळापाशी काय वाटलं असेल, ते मला तिथं कळलं. दादालाही आता तेच वाटत होतं. माझा पडलेला चेहरा त्याला बघवणार नव्हता.

“दादा,” मी म्हणालो. त्यानं वर पाहिलं नाही. पुन्हा म्हणालो, “दादा, मला काय ऐकायचंय, ते मला ठरवू दे.”

तो थांबला. चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे वळला.

“झेपेल?”

“ठाऊक नाही.”

“बरं,” तो म्हणाला, आणि मग त्यानं सांगितलं. किती, कसं, शेवटी काय काय होईल, दुखण्यावर काय देतात, काय द्यायला तो नको म्हणाला, आणि का. सगळं क्रमानं, मध्ये न थांबता. मी पूर्ण ऐकलं. मग आम्ही बसून राहिलो. उठायचं दोघांनाही सुचलं नाही.

मार्गिकेच्या टोकाकडून झाडलोट करणारी बाई फरशी पुसत पुसत आली. आमच्यापाशी थांबली.

“आजोबा, पाय वर घ्या,” ती म्हणाली.

आम्ही दोघांनी पाय वर घेतले.